सुपर ओव्हर पण टाय झाली तर पुढे काय? आमच्या टुर्नामेंटचा नियम लिहायचाय

वाड्यावरचा कॅप्टन
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्या वाड्यावर टेनिस बॉल टुर्नामेंट आहे, फोंड्यापासून जवळच, फ्लडलाईटमध्ये. सोळा टीम, आठ-आठ जणांच्या, सहा ओव्हरच्या मॅचेस आणि सरळ नॉकआऊट, म्हणजे हरला की घरी. यंदा नियमांचं पान लिहायचं काम माझ्याकडे आलंय. बाकी सगळं लिहून झालं पण एका ठिकाणी अडकलोय, मॅच टाय झाली तर सुपर ओव्हर एवढं सगळ्यांना मान्य आहे पण सुपर ओव्हर पण टाय झाली तर? कमिटीत तीन जण तीन गोष्टी सांगतात. एक म्हणतो ज्याच्या बाऊंड्री जास्त तो जिंकला, दुसरा म्हणतो परत सुपर ओव्हर, तिसरा म्हणतो टॉस उडवा आणि मोकळे व्हा. इंटरनॅशनलला आता नक्की काय नियम आहे ते कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, आणि आमच्यासारख्या टुर्नामेंटला तो तसाच्या तसा चालेल का तेही सांगा.

म्हापशेकर
बाऊंड्री काऊंटच रे. २०१९ ची वर्ल्डकप फायनल आठव ना, लॉर्ड्सला. दोन्ही टीमचे २४१, सुपर ओव्हर १५-१५ आणि इंग्लंडच्या बाऊंड्री २६, न्यूझीलंडच्या १७, कप इंग्लंडला. लिहून टाक आणि विषय संपव.

डिचोलीचा ऑफस्पिनर
म्हापशेकर, तो नियम त्याच वर्षी गेला. फायनल जुलैमध्ये झाली आणि ऑक्टोबरमध्ये आयसीसीने बदलला. आता असं आहे की लीग मॅचमध्ये सुपर ओव्हर टाय झाली तर मॅच टाय, पॉइंट वाटून घ्यायचे, आणि फक्त सेमी आणि फायनलला परत परत सुपर ओव्हर, एक टीम जिंकेपर्यंत. कॅप्टन, तुमची नॉकआऊट आहे म्हणजे तुम्हाला दुसरा भाग लागू.

काणकोणकर
पण पावसाने मॅच थांबली आणि डकवर्थ लुईसचा आकडा बरोबर तेवढाच असला तर ती टाय ना? तेव्हा सुपर ओव्हर खेळायला ग्राउंडच ओलं असतं. दिवाळीनंतर पण पाऊस येतो हल्ली, त्याचं काय लिहिणार?

वाड्यावरचा कॅप्टन
काणकोणकर, पावसाचा नियम वेगळा लिहिलाय, तेवढ्या ओव्हर दुसऱ्या दिवशी खेळवणार, डकवर्थ लुईस आम्हाला झेपणारच नाही. माझा प्रश्न सुपर ओव्हर पूर्ण झाली आणि तीच टाय झाली तर एवढाच आहे.

जुना स्कोरर
मी इथे लेदर आणि टेनिस दोन्ही मॅचेसना स्कोअर लिहितो, कधी अंपायरिंगही करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ऑफस्पिनर, तू सांगितलंस तो ऑक्टोबर २०१९ चा निर्णय, तेव्हा तो तसाच होता. पण नंतर लीग आणि नॉकआऊट हा फरक गेला. आता कुठलीही टी-ट्वेंटी असो, निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर परत परत. १७ जानेवारी २०२४ ला बंगळुरूला भारत-अफगाणिस्तान झाली ती साधी द्विपक्षीय सिरीज, त्यातही तिसरी मॅच, सिरीज आधीच भारताने खिशात घातलेली, तरी दोन सुपर ओव्हर खेळवल्या. जून २०२५ ला ग्लासगोला नेदरलँड्स-नेपाळ तर तीन झाल्या. दोघांचे १५२, पहिली सुपर ओव्हर १९-१९, दुसरी १७-१७, आणि तिसरीत नेपाळचे शून्यावर दोन गेले, मग लेविटने पहिल्याच बॉलला सिक्स मारला. इंटरनॅशनलमध्ये तीन सुपर ओव्हर त्याआधी कधी झाल्या नव्हत्या. शेजारी कर्नाटकात मात्र महाराजा ट्रॉफीत ऑगस्ट २०२४ ला हुबळी आणि बेंगळुरूच्या मॅचमध्ये तीन झाल्या होत्या.

आता तुझ्या कामाची गोष्ट. "परत सुपर ओव्हर" एवढंच पानावर लिहिलंस तर भांडण तिथेच सुरू होणार. पहिली सुपर ओव्हर सगळ्यांना पाठ असते, दुसरीचे नियम वेगळे आहेत आणि ते कोणी वाचत नाही.

वाड्यावरचा कॅप्टन
हेच पाहिजे होतं काका. वेगळे म्हणजे काय काय?

जुना स्कोरर
मुंबई-पंजाबची मॅच घेऊन सांगतो, आयपीएल, १८ ऑक्टोबर २०२०, दुबई. त्यात सगळं एका जागी सापडतं.

मुंबईने पहिली बॅटिंग केली, १७६. पंजाबही १७६. मॅचमध्ये जो दुसरी बॅटिंग करतो तो सुपर ओव्हरला पहिली करतो, म्हणून पंजाब आधी आलं. बुमराने फक्त पाच दिले, पूरन आणि राहुल दोघेही आऊट. मग मुंबईला सहा पाहिजेत, समोर शमी, आणि त्यानेही पाचच दिले, शेवटच्या बॉलला डी कॉक रनआऊट. ५-५.

आता दुसरी. इथे टॉस नाही, कोणी काही निवडत नाही. पहिल्या सुपर ओव्हरला जो दुसरा खेळला तो आता पहिला खेळतो, म्हणजे मुंबई आधी. बुमरा आणि शमी दोघांनाही आता बॉलिंग नाही, कारण नुकतीच संपलेली सुपर ओव्हर ज्याने टाकली त्याला लगेच पुढची टाकता येत नाही. आणि पूरन, राहुल, डी कॉक हे तिघे बॅटिंगला येऊच शकत नाहीत, कारण आधीच्या सुपर ओव्हरला आऊट झालेत. रोहित नॉटआऊट होता, त्याला येता आलं असतं, पण मुंबईने पोलार्ड आणि हार्दिकला पाठवलं. जॉर्डनने ११ दिले. मग पंजाबकडून गेल आणि मयंक आले, बोल्टच्या पहिल्याच बॉलला गेलचा सिक्स, चार बॉलमध्ये १५, खलास.

मला त्यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की मुंबईला बुमरा वापरता आला नाही. पहिल्या सुपर ओव्हरला तुमचा सगळ्यात भारी बॉलर संपतो, त्यामुळे दुसऱ्या नंबरचा डेथ बॉलर कोण हे कॅप्टनला पहिली ओव्हर टाकायच्या आधीच ठरवायला लागतं.

डिचोलीचा ऑफस्पिनर
मग तिसरी लागली असती तर बुमरा परत आला असता का?

जुना स्कोरर
आला असता. बॉलरला फक्त लगतच्या सुपर ओव्हरपुरती बंदी. पहिली बुमरा, दुसरी बोल्ट, तिसरी परत बुमरा, चालतं. बॅट्समनचं तसं नाही, एकदा कुठल्याही सुपर ओव्हरला आऊट झाला की त्या मॅचच्या पुढच्या सगळ्या सुपर ओव्हरना तो बाहेर. हा फरक पानावर नीट लिहा, यावरच घोळ होतो. आणि अजून एक, बॉलिंगचं टोक बदलतं, पहिली ज्या बाजूने टाकली त्याच्या उलट्या बाजूने दुसरी.

शुभा, मडगाव
माझा मुलगा क्लबकडून खेळतो म्हणून हा धागा वाचत होते. मला एक विचारायचं आहे. ती बंगळुरूची मॅच आम्ही घरी बघितली होती, त्यात रोहित पहिल्या सुपर ओव्हरला शेवटच्या बॉलच्या आधी स्वतःच बाहेर गेला आणि दुसऱ्या सुपर ओव्हरला परत बॅटिंगला आला. तो बाहेर गेला म्हणजे आऊट ना? मग परत कसा आला?

म्हापशेकर
तो रिटायर झाला होता, आऊट नाही, म्हणून आला. नॉटआऊट असला की परत येता येतं, काकांनीच सांगितलंय वर.

जुना स्कोरर
शुभाताईंचा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे, आणि म्हापशेकर, एवढं सोपं ते नाही.

आधी काय झालं ते बघा. अफगाणिस्तानचे सुपर ओव्हरला १६, भारताला १७ पाहिजेत. शेवटचा बॉल बाकी, दोन रन पाहिजेत, जैस्वाल स्ट्राइकवर आणि रोहित नॉनस्ट्रायकर. दोन पळायला ताज्या पायाचा माणूस पाहिजे म्हणून रोहित बाहेर गेला आणि रिंकू आला. डोकं चालवलं, खरं म्हणजे मस्त चालवलं. पण एकच रन आला, १६-१६. मग दुसऱ्या सुपर ओव्हरला भारत पहिला, आणि बॅट घेऊन परत रोहित. भारताचे ११ झाले आणि बिश्नोईने तीन बॉलमध्ये अफगाणिस्तानचे दोन काढले, एकच रन.

आता कायदा काय म्हणतो. बॅट्समन दुखापत, आजारपण किंवा टाळता न येणाऱ्या कारणाने बाहेर गेला तर तो रिटायर्ड नॉटआऊट, नंतर परत येऊ शकतो. दुसऱ्या कुठल्याही कारणाने गेला तर समोरच्या कॅप्टनची परवानगी असेल तरच तो डाव पुढे चालू करू शकतो, आणि परत नाही आला तर स्कोअरबुकात रिटायर्ड आऊट. आणि आऊट म्हणजे पुढच्या सुपर ओव्हरला बंदी. रोहित लंगडत गेला नव्हता, पळायला ताजा माणूस पाहिजे म्हणून गेला. मग तो रिटायर्ड आऊट धरायचा का? मी स्कोअर लिहीत असतो तर आऊट लिहिला असता. मैदानावर त्याला खेळू दिलं हे खरं, आणि मॅचनंतर अफगाणिस्तानचा कोच ट्रॉट पण हे नियम नवीन आहेत, काय चाललं होतं कळत नव्हतं अशाच अर्थाचं बोलला.

डिचोलीचा ऑफस्पिनर
मला पटत नाही काका. परवानगीची अट "तोच डाव पुढे चालू करायला" आहे. दुसरी सुपर ओव्हर हा नवीन डाव. रोहितने जुना डाव चालू केलाच नाही, नवीन सुरू केला. मग परवानगी कशाला पाहिजे?

जुना स्कोरर
अरे पण तुझ्याच बाजूने बघ. नवीन डाव म्हटलास म्हणजे जुना डाव परत चालू न होताच संपला. आणि चालू न झालेला रिटायर डाव म्हणजे आऊट. मग बंदी लागलीच. फक्त दुखापतीचं कारण असेल तर सुटतो.

डिचोलीचा ऑफस्पिनर
तसं बघितलं तर हो, पण मग अंपायरने तेव्हाच अडवायला पाहिजे होतं ना. दोन अंपायर, थर्ड अंपायर, रेफ्री, चौघांनाही चालतंय म्हटल्यावर आपण इथे बसून आऊट कसं म्हणायचं. मी माझ्या मतावर आहे.

पेडण्याहून
मंडळी, माझं ऐका, हे सगळं आमच्यावर बेतलंय. आमच्याकडे एका टुर्नामेंटच्या सेमीला सुपर ओव्हर टाय झाली, पानावर पुढचं काहीच लिहिलेलं नव्हतं. आयोजकांनी आधी सांगितलं परत सुपर ओव्हर. आमचा बॉलर पहिली टाकून झालेला, तोच परत बॉल घेऊन उभा राहिला, समोरचे म्हणाले चालणार नाही, आमचे म्हणाले कुठे लिहिलंय दाखवा. वीस मिनिटं तेच चाललं. तेवढ्यात दहा वाजायला आले, माईक बंद करायचा, जनरेटरवाला पण घाई करतोय, शेवटी आयोजकांनी बाऊंड्री मोजू म्हटलं तर स्कोअरबुकात बाऊंड्रीची खूणच केलेली नाही, नुसते एकूण रन लिहिलेले! मग टॉस. आम्ही टॉस हरलो. सगळी पोरं गप्प घरी गेली, दोन दिवस कोणी बोललं नाही. कॅप्टन, कृपा करून वेळेचं काहीतरी लिहा, बाकी नियम कितीही बरोबर असले तरी दहा वाजले की सगळं अडतं.

वाड्यावरचा कॅप्टन
पेडण्याहून, वाचून वाईट वाटलं. आमची परमिशन पण दहापर्यंतचीच आहे. काका, इंटरनॅशनलला वेळेची काही मर्यादा असते का, की रात्रभर खेळत बसतात?

जुना स्कोरर
नियमातच सोय आहे. काही अपवादात्मक अडचण आली, पाऊस आला, लाईट गेले, तर सुपर ओव्हर थांबवून मॅच टाय जाहीर करतात. एकाच ग्राउंडवर त्याच दिवशी लागोपाठ मॅचेस असतील तर यजमान बोर्ड सुपर ओव्हरच्या संख्येला आधीच मर्यादा घालू शकतं. आयपीएलने २०२५ ला मॅच संपल्यापासून एक तासाची मर्यादा ठेवली, त्यात होतील तेवढ्या, आणि रेफ्रीला वाटलं की आता वेळ संपत आली तर तो दोन्ही कॅप्टनना आधीच सांगतो की ही शेवटची.

नॉकआऊटला टाय ठेवून चालत नाही, तिथे लीगमध्ये जो वर होता तो पुढे. वर्ल्डकप फायनलला दोघे संयुक्त विजेते. पण कॅप्टन, तुझी अडचण इथेच आहे. तुझ्याकडे लीगच नाही, सरळ नॉकआऊट, मग "लीगमध्ये वर" कोणाला म्हणायचं?

आणि अजून एक हिशोब बघ, तो मोठ्या क्रिकेटला कधी लागत नाही पण तुला लागेल. त्यांच्याकडे अकरा जण असतात. तुझ्याकडे आठ. प्रत्येक सुपर ओव्हरला दोन विकेट पडू शकतात. पहिलीनंतर सहा उरले, दुसरीनंतर चार, तिसरीनंतर दोन. चौथ्या सुपर ओव्हरला दोघेच आले, एक विकेट पडली की डाव संपला. समोरच्यांच्या कमी विकेट पडल्या असतील तर त्यांच्याकडे तीन-चार माणसं जास्त. म्हणजे आठ जणांच्या टीमला "निकाल लागेपर्यंत" लिहिणं धोक्याचं. शिवाय एका सुपर ओव्हरला, म्हणजे दोन्ही टीमची मिळून, फील्ड लावणं, बॉल शोधणं, वाद घालणं धरून पंधरा मिनिटं धर.

म्हापशेकर
म्हणून म्हणतो बाऊंड्री काऊंट चांगला. सगळ्यांना आधीपासून माहीत असतं किती पाहिजेत. २०१४ ला अबूधाबीत राजस्थान-कोलकाता झाली, दोघांचे १५२, सुपर ओव्हर ११-११, आणि राजस्थानला माहीत होतं की बाऊंड्री आपल्या जास्त म्हणजे टाय झाली तरी आपण जिंकलो. स्मिथने शेवटच्या बॉलला शांतपणे दोन पळून काढले आणि उड्या मारायला लागला. काही भांडण नाही, काही नाही.

डिचोलीचा ऑफस्पिनर
भांडण नाही कारण नियम स्पष्ट होता. पण न्याय कुठे आहे त्यात? सुपर ओव्हरमध्ये एकाला जिंकायला १२ आणि दुसऱ्याला ११ पुरे, कारण चाळीस मिनिटांपूर्वी कोणीतरी चौका मारलेला. ज्याने पळून पळून दोन-दोन काढले त्याचे रन काय कमी किमतीचे? टेनिस बॉलला तर अजून वाईट, आमच्याकडची ग्राउंडं बघा, एका बाजूला माडांची रांग आणि चाळीस मीटरवर लाईन, दुसऱ्या बाजूला शेत. ज्याला जवळच्या बाजूला मारता येतं त्याच्या बाऊंड्री जास्त.

शुभा, मडगाव
मला पण तेच वाटतं. २०१९ ला आमच्या घरात सगळे न्यूझीलंडसाठी हळहळले. ते हरलेच नव्हते हो.

जुना स्कोरर
बाऊंड्री पण सारख्या झाल्या असत्या तर जुन्या नियमात काय होतं ते सांगतो, कारण ते वेळ संपल्यावरचं शेवटचं हत्यार म्हणून अजून कामाचं आहे. आधी सुपर ओव्हर सोडून नुसत्या मॅचच्या बाऊंड्री मोजायच्या, त्याही सारख्या असतील तर सुपर ओव्हरच्या शेवटच्या बॉलपासून उलटं मोजत यायचं, ज्या बॉलला एकाचे रन जास्त तो जिंकला. लॉर्ड्सचं लावून बघा. इंग्लंडची सुपर ओव्हर ३, १, ४, १, २, ४. न्यूझीलंडची वाइड, मग २, ६, २, २, १, १. शेवटचा बॉल, बटलरचे चार आणि गप्टिलचा एक. म्हणजे तिथेही इंग्लंडच. पण यात निदान सगळा निकाल त्याच ओव्हरमधला आहे, आणि पेडण्याहून, स्कोअरबुकात बाऊंड्रीची खूण नसली तरी बॉल-बाय-बॉल रन असतातच.

पेडण्याहून
हे टॉसपेक्षा शंभर पटींनी बरं. निदान बॉलवर निकाल लागला असं पोरांना सांगता येतं.

म्हापशेकर
पण शेवटच्या बॉलला एकाला सहा पाहिजेत आणि एकाला एकच पाहिजे, तर एकवाला एकच काढणार ना? मग उलट मोजणीत तो हरला. चेस करणाऱ्यावर अन्याय.

जुना स्कोरर
टाय झाली तरच उलट मोजायचं ना. एक पाहिजे होता आणि एक काढला तर तो जिंकलाच. पण हो, टाय व्हायला एकच पुरतो आणि जिंकायला दोन, तेव्हा काय करायचं हे चेस करणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. म्हणून ही शेवटची सुपर ओव्हर आहे आणि टाय झाली तर उलट मोजणार, हे ती सुरू व्हायच्या आधी अंपायरने दोन्ही कॅप्टनना सांगायचंच.

वाड्यावरचा कॅप्टन
मग आता माझा मसुदा असा, बघून सांगा.

मॅच टाय झाली तर सुपर ओव्हर, मॅचला दुसरी खेळलेली टीम पहिली खेळणार. ती टाय झाली तर दुसरी सुपर ओव्हर, क्रम उलटा, टॉस नाही. पहिली टाकलेला बॉलर दुसरी टाकणार नाही, पहिलीत आऊट झालेला बॅट्समन दुसरीत येणार नाही. दुखापत सोडून इतर कारणाने बाहेर गेलेला बॅट्समन आऊट धरला जाईल, समोरच्या कॅप्टनची परवानगी असली तरी. दोनपेक्षा जास्त सुपर ओव्हर नाहीत, आणि पावणेदहानंतर नवीन सुपर ओव्हर सुरू होणार नाही. तिथपर्यंत निकाल नाही लागला तर शेवटच्या खेळलेल्या सुपर ओव्हरच्या शेवटच्या बॉलपासून उलटी मोजणी. फायनलला उलटी मोजणी नाही, संयुक्त विजेते, बक्षिसाची रक्कम अर्धी-अर्धी.

जुना स्कोरर
चांगलं आहे. उलट मोजणीत वाइड-नोबॉलचे एक्स्ट्रा पण त्या बॉलच्या रनमध्ये धरायचे एवढं घाल. आणि मॅच सव्वानऊच्या आत संपेल असं टाइमटेबल लाव, नाहीतर पावणेदहाच्या ओळीने दुसरी सुपर ओव्हर कधी होणारच नाही.

डिचोलीचा ऑफस्पिनर
दुखापतीचं कोण ठरवणार? शेवटच्या बॉलला पायात गोळा आला म्हणून कोणी बाहेर गेला तर? टेनिस बॉलला डॉक्टर कुठे असतो.

वाड्यावरचा कॅप्टन
अंपायर ठरवणार असं लिहिलं तर चालेल का काका?

जुना स्कोरर
लिही, पण सांगून ठेवतो, गोळा आला की नाही हे अंपायरला पण कळत नाही. मी दुखापतीने गेला तरी त्या मॅचच्या पुढच्या सुपर ओव्हरला बंदी असं लिहिलं असतं. दोनच सुपर ओव्हर आहेत, आठ माणसं आहेत, कोणाचं फार नुकसान होत नाही.

शुभा, मडगाव
खरंच लागलेल्या मुलावर तो अन्याय नाही का होणार?

वाड्यावरचा कॅप्टन
हे रविवारी मीटिंगला ठेवतो, दोन्ही बाजू मांडतो. बक्षिसाची रक्कम अर्धी करायला ट्रॉफी देणाऱ्यांची तयारी आहे का तेही विचारायला लागेल. काय ठरलं ते इथेच टाकतो.